फळमाशीच्या डोळ्यांचा रंग: रेसिप्रोकल क्रॉस कसा लावायचा, भाकीत कसं करायचं आणि चूक कशी ओळखायची

बी.एस्सी.च्या झूऑलॉजीत आनुवंशिकीचं प्रात्यक्षिक आलं की फळमाशीचा क्रॉस बहुतेक ठिकाणी फळ्यावरच उरकला जातो. सांगली-साताऱ्याकडच्या ज्या कॉलेजांत माश्या खरोखर वाढवतात, तिथेही वेळ वाचवायला दोनपैकी एकच क्रॉस लावला जातो. बहुधा लाल डोळ्यांची मादी आणि पांढऱ्या डोळ्यांचा नर हा. त्याचा उलटा, म्हणजे पांढरी मादी आणि लाल नर, राहून जातो. माझं स्पष्ट मत आहे की एकच लावायचा असेल तर न लावलेला बरा. हे दोन क्रॉस मिळून एक प्रयोग होतो, आणि एका क्रॉसमध्ये जी चूक डोळ्यांना दिसतच नाही ती दुसऱ्यात पहिल्याच पिढीत उघडी पडते. ती चूक कोणती आणि ती कशी ओळखायची, हे मला या लेखात नीट सांगायचं आहे. त्याआधी लागेल तेवढी तयारी.

## १. माश्या कुठून आणायच्या

केळाच्या सालीवर घोंगावणारी चिलटं पकडून 'लाल डोळ्यांच्या' म्हणून वापरायचा मोह होतो. तसं करू नका. आपल्याकडे घरात सापडणारी चिलटं ड्रोसोफिलाच्या निरनिराळ्या जातींची असतात. ड्रोसोफिला अननासी तर सगळीकडे आहे. ती दिसायला जवळपास तशीच, पण आपल्याला हव्या असलेल्या ड्रोसोफिला मेलानोगास्टरशी तिचा संकर होत नाही. दोन आठवडे बाटलीकडे बघत बसाल आणि एकही अळी दिसणार नाही.

दोन्ही स्टॉक एकाच खात्रीच्या ठिकाणाहून घ्या. म्हैसूर विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात राष्ट्रीय ड्रोसोफिला स्टॉक सेंटर आहे. फळमाशीवर काम करणारी जवळची एखादी प्रयोगशाळाही विभागाच्या पत्रावर माश्या देते. मागताना नेमकं मागा: एक लाल डोळ्यांचा वन्य स्टॉक, उदाहरणार्थ ओरेगॉन-आर, आणि एक 'व्हाइट' उत्परिवर्ती. नुसतं 'डोळ्यांच्या रंगाचा म्युटंट' मागितलं तर सेपिया किंवा ब्राउन हाती पडू शकतो. त्यांची जनुकं एक्स गुणसूत्रावर नाहीत, त्यामुळे दोन्ही दिशांच्या क्रॉसमधून एकच उत्तर येईल आणि प्रयोगाचा अर्थच जाईल.

## २. सामान

- तोंड रुंद असलेल्या काचेच्या व्हायल किंवा छोट्या बाटल्या, कापसाचे बोळे
- रवा, गूळ, अगर, कोरडं यीस्ट, प्रोपिओनिक आम्ल
- थर्माकोलचा डबा, बर्फ, काचेची पेट्री डिश, फिल्टर पेपर
- शून्य नंबरचा मऊ ब्रश
- डिसेक्टिंग मायक्रोस्कोप, नाहीतर सराफाकडे असतं तसलं दहापट भिंग
- कमाल-किमान तापमापक
- लेबलं, पेन्सिल आणि एक वही

खाद्याचं प्रमाण सोपं आहे. एक लिटर पाण्याला १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम रवा, १० ग्रॅम अगर आणि ७.५ मिली प्रोपिओनिक आम्ल. पाव लिटर केलं तरी वीसेक व्हायल सहज भरतात. पाण्यात गूळ आणि अगर विरघळवा, रवा थोडा थोडा सोडत ढवळा, उप्पिटापेक्षा सैल झालं की गॅस बंद करा. आम्ल मात्र थोडं निवल्यावरच घाला, उकळत्या खाद्यात घातलं तर त्याची वाफ नाकाडोळ्यांत जाते. व्हायलमध्ये बोटभर ओतून, वर मलमल टाकून रात्रभर ठेवा. सकाळी काचेच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले तर ते कोरड्या टिपकागदाने पुसून घ्या, कारण माशी पहिली त्यातच चिकटून मरते. मग यीस्टचे दोन-चार दाणे वर टाका.

सांगलीच्या गणपती पेठेतल्या कुठल्याही किराणा दुकानातला रवा-गूळ चालतो. फक्त कीटकनाशकाचा वास लागलेला रवा नको, आणि ज्या खोलीत माश्या आहेत तिथे डासांची अगरबत्ती किंवा स्प्रे अजिबात नको. मुंग्यांसाठी व्हायलचा स्टँड पाण्याच्या ताटात ठेवा.

## ३. सांगलीचं हवामान आणि माशीचं घड्याळ

२५ अंशांना अंड्यापासून माशी व्हायला साधारण १० दिवस लागतात. १८ अंशांना तेच जवळपास दुप्पट होतं. २९-३० च्या वर नर वांझ होऊ लागतात आणि त्याहून वर गेलं की स्टॉकच संपतो. म्हणजे एप्रिल-मे महिन्यात सांगलीत उघड्या खोलीत हा प्रयोग होत नाही. जुलै ते ऑक्टोबर उत्तम. डिसेंबर-जानेवारीत दिवसा ठीक असतं, पण रात्रीच्या गारव्याने वेळापत्रक पुढे सरकतं, तेव्हा परीक्षेच्या तारखेत आठवडाभराची सवड धरा.

बीओडी इनक्युबेटर नसेल तर मोठा माठ घ्या, त्याला ओलं गोणपाट गुंडाळा आणि आत व्हायलचा स्टँड ठेवून तोंडावर जाळीचं झाकण टाका. कोरड्या हवेच्या दिवसांत आतलं तापमान खोलीपेक्षा काही अंशांनी खाली राहतं. पावसाळ्यात या माठाचा फारसा उपयोग नाही, पण तेव्हा त्याची गरजही पडत नाही.

माश्यांना बेशुद्ध करायला जुन्या प्रात्यक्षिक-वह्यांत ईथर लिहिलेलं असतं. ईथर ३४.६ अंशांना उकळतो. आपल्याकडे उन्हाळ्यात खोलीच त्याहून गरम असते, आणि त्याची वाफ ठिणगीने पेटते. बर्फ वापरा. माश्या कोरड्या रिकाम्या व्हायलमध्ये घ्या, व्हायल बर्फात चार-पाच मिनिटं खोचा, मग बर्फावर ठेवलेल्या पेट्री डिशमध्ये फिल्टर पेपरवर ओता. त्या तिथे गार आहेत तोवर निपचित पडून राहतात. परत व्हायलमध्ये टाकताना व्हायल आडवी धरा आणि माश्या काचेवर ठेवा. उभ्या व्हायलमध्ये टाकल्या तर शुद्धीवर येण्याआधीच खाद्यात रुततील.

## ४. नर-मादी ओळखणं

मादी मोठी, पोटाचं टोक निमुळतं आणि त्यावर शेवटपर्यंत वेगवेगळे पट्टे. नर लहान, टोक गोलसर आणि काळं. हे झालं पूर्ण वाढलेल्या माश्यांचं. नुकत्याच कोषातून बाहेर पडलेल्या नराचं टोक फिकट असतं आणि तो मादीसारखाच दिसतो. नवख्यांचे सगळ्यात जास्त घोटाळे इथे होतात. अशा वेळी पोटाकडे बघूच नका, पुढचे पाय बघा. नराच्या पुढच्या प्रत्येक पायावर काळ्या राठ केसांची एक छोटी फणी असते आणि ती पहिल्या तासापासून दिसते. मादीला ती कधीच नसते.

## ५. माश्या एकत्र करण्याआधी भाकीत लिहा

भाकीत वहीत आधी, माश्या व्हायलमध्ये नंतर. आकडे समोर आले की मन आपोआप त्यांना जुळेल असं स्पष्टीकरण शोधतं, म्हणून हा क्रम पाळा.

सगळं एका गोष्टीवर उभं आहे. मादीकडे दोन एक्स, नराकडे एक एक्स आणि एक वाय. डोळ्याच्या रंगाचं हे जनुक एक्सवर आहे, वायवर त्याची प्रत नाही. मुलगा एक्स फक्त आईकडून घेतो, कारण बापाने त्याला वाय दिलेला असतो. मुलगी एक एक्स आईकडून आणि बापाकडचा एकुलता एक एक्स घेते. लाल (X⁺) प्रभावी, पांढरा (Xʷ) अप्रभावी. खाली P म्हणजे आईबाप, F1 पहिली पिढी आणि F2 दुसरी.

क्रॉस 'अ': लाल मादी, पांढरा नर.

```
P :  X⁺X⁺  ×  XʷY
F1:  X⁺Xʷ (लाल मादी)    X⁺Y (लाल नर)
F2:  X⁺X⁺, X⁺Xʷ (लाल मादी)   X⁺Y (लाल नर)   XʷY (पांढरा नर)
     लाल मादी : लाल नर : पांढरा नर = 2 : 1 : 1
```

क्रॉस 'ब': पांढरी मादी, लाल नर.

```
P :  XʷXʷ  ×  X⁺Y
F1:  X⁺Xʷ (लाल मादी)    XʷY (पांढरा नर)
F2:  X⁺Xʷ (लाल मादी)   XʷXʷ (पांढरी मादी)   X⁺Y (लाल नर)   XʷY (पांढरा नर)
     1 : 1 : 1 : 1
```

'अ'च्या दुसऱ्या पिढीत लाल-पांढऱ्याचं प्रमाण ३:१ येतं, आणि बरेच विद्यार्थी तिथेच थांबतात. नुसतं ३:१ तर कुठल्याही साध्या प्रभावी-अप्रभावी जोडीतही येतं. जनुक एक्सवर आहे हे सांगतो तो ३:१ नव्हे, पांढऱ्यांत एकही मादी नसणं हे सांगतं. म्हणून रंग आणि लिंग यांची मोजणी नेहमी एकत्र करायची. 'लाल किती, पांढऱ्या किती' असे दोनच रकाने आखलेत तर प्रयोग वाया गेला.

'ब'मध्ये मात्र उत्तर पहिल्याच पिढीत मिळतं: मुलींनी बापाचा रंग घेतला, मुलांनी आईचा. दोन्ही F1 मधल्या माद्यांचं जनुकरूप मात्र एकच आहे, X⁺Xʷ. F2 वेगळी येते ती त्यांच्या जोडीला असलेल्या भावांमुळे. 'अ'मध्ये भाऊ लाल, 'ब'मध्ये पांढरे. 'ब'च्या F2 मध्ये पांढऱ्या माद्या मिळतात त्या या पांढऱ्या भावाने दिलेल्या Xʷ मुळे.

## ६. व्हर्जिन माद्या गोळा करणं

मादी एकदा नराला भेटली की त्याचे शुक्राणू साठवून ठेवते आणि पुढे कितीतरी दिवस तेच वापरत राहते. त्यामुळे पहिल्या क्रॉससाठी घेतलेली प्रत्येक मादी नराला न भेटलेलीच हवी. २५ अंशांना मादी कोषातून बाहेर आल्यावर साधारण ८ तास मिलनाला तयार नसते. आपल्याकडची खोली बहुधा याहून गरम असते, म्हणून ६ तासांचीच मुदत धरा.

सकाळी सातला स्टॉकच्या बाटलीतल्या सगळ्या माश्या काढून टाका. कापसाच्या घडीत किंवा खाद्याच्या कडेला एखादी लपली नाही ना, हे भिंगाने बघा. एक नर राहिला तरी दिवसभराचं काम फुकट. दुपारी एकच्या आत नव्याने बाहेर पडलेल्या सगळ्या माश्या गार करून माद्या वेगळ्या करा. ताज्या मादीचं अंग फिकट असतं, पंख कधी अजून घडी पडलेले असतात, आणि पोटाच्या खालच्या बाजूला त्वचेतून हिरवट-काळा ठिपका दिसतो. तो ठिपका दिसला तर मादी नक्की ताजी.

आता सर्वांत महत्त्वाची पायरी. या माद्या लगेच नरांसोबत सोडू नका. लाल आणि पांढऱ्या स्टॉकच्या माद्या वेगवेगळ्या व्हायलमध्ये, नराशिवाय, तीन-चार दिवस ठेवा. त्या अंडी घालतील, पण न फळलेली अंडी फुटत नाहीत. त्या व्हायलमध्ये एक जरी अळी वळवळताना दिसली तरी आतल्या सगळ्या माद्या बाद करा. या तीन-चार दिवसांसाठी पुष्कळांना धीर नसतो, आणि पुढे महिनाभर त्याची किंमत मोजावी लागते.

## ७. क्रॉस लावणं

प्रत्येक व्हायलमध्ये ५ माद्या आणि ५-६ नर. दोन्ही क्रॉसच्या निदान तीन-तीन व्हायल लावा. 'अ'मध्ये नर जास्तच घ्या, कारण पांढऱ्या डोळ्यांच्या नराला नीट दिसत नाही आणि मादीच्या मागे लागण्यात तो लाल नरापेक्षा मागे पडतो. लेबलवर मादी आधी लिहायची: 'लाल मादी × पांढरा नर', खाली तारीख. पेन्सिलनेच लिहा, शाई दमटपणात पसरते.

सातव्या दिवशी आईबाप काढून टाका. मोजून काढा. पाच माद्या सोडल्या होत्या तर पाचच बाहेर आल्या पाहिजेत, मेलेल्या धरून. आत राहिलेला बाप नंतर मुलांत मिसळतो, आणि 'ब'मध्ये तो लाल नर म्हणून मोजला गेला की गोंधळ उडतो.

दहाव्या-अकराव्या दिवशी F1 बाहेर पडू लागेल. रोज मोजा, सतराव्या-अठराव्या दिवशी थांबा. त्यानंतर बाहेर पडणाऱ्या माश्या F1 च्या पोटच्याही असू शकतात. पहिल्या एक-दोन दिवसांच्या आकड्यांवरून निष्कर्ष काढू नका, माद्या नरांपेक्षा थोड्या आधी बाहेर पडतात आणि सुरुवातीला त्यांचंच पारडं जड दिसतं.

F2 साठी F1 मधलेच ५ भाऊ आणि ५ बहिणी नव्या व्हायलमध्ये घाला. इथे व्हर्जिन शोधायची गरज नाही. बहीण भावाला आधीच भेटली असली तरी आपल्याला तोच संकर हवा आहे. सात दिवसांनी त्यांनाही काढा आणि तोच मोजणीचा क्रम पुन्हा करा.

## ८. आकडे तपासणं

समजा 'ब'च्या F2 मध्ये लाल माद्या ६२, पांढऱ्या माद्या ५५, लाल नर ५८ आणि पांढरे नर ४९ मिळाले. एकूण २२४, म्हणजे प्रत्येक गटात ५६ अपेक्षित. फरक अनुक्रमे +६, −१, +२ आणि −७. त्यांच्या वर्गांची बेरीज ९०, भागिले ५६, म्हणजे काय-वर्ग १.६१. चार गटांना मोकळीक ३, आणि त्यासाठी ५ टक्क्यांची मर्यादा ७.८१५. आपला आकडा तिच्या खूप खाली आहे, म्हणजे १:१:१:१ नाकारायला काही कारण नाही.

आता मूळ प्रयोगाचे आकडे बघा. टॉमस हंट मॉर्गन यांनी १९१० मध्ये कोलंबिया विद्यापीठात पांढऱ्या डोळ्यांच्या एका नराला लाल माद्यांशी जोडलं. त्यांना F2 मध्ये २४५९ लाल माद्या, १०११ लाल नर आणि ७८२ पांढरे नर मिळाले. एकही पांढरी मादी नाही. पण २:१:१ प्रमाणे २१२६, १०६३ आणि १०६३ यायला हवे होते. काय-वर्ग काढलात तर १२९ च्या आसपास येतो, आणि मर्यादा आहे ५.९९. म्हणजे जगप्रसिद्ध प्रयोग आपल्या परीक्षेच्या निकषाने नापास!

कारण असं, की पांढऱ्या डोळ्यांच्या माश्या तितक्या जोमदार नसतात, अळी किंवा कोष असतानाच त्यांच्यातल्या जास्त मरतात. मॉर्गन यांनी तोच नर त्याच्या लाल मुलींशी जोडला तेव्हा १२९ लाल माद्या, १३२ लाल नर, ८८ पांढऱ्या माद्या आणि ८६ पांढरे नर मिळाले. हा संकर जनुकरूपाने आपल्या 'ब'च्या F2 सारखाच आहे. इथे माद्या २१७ आणि नर २१८, पण लाल २६१ आणि पांढऱ्या १७४. रंगाने घट आणली, लिंगाने नाही. त्यामुळे तुमच्या व्हायलमध्ये पांढऱ्या थोड्या कमी आल्या तर घाबरू नका आणि आकडे 'दुरुस्त' तर मुळीच करू नका. खाद्य ओलसर आणि अळ्यांची दाटी कमी ठेवलीत तर ही घट आपोआप कमी होते.

## ९. 'अ' लपवतो, 'ब' दाखवतो

समजा व्हर्जिन म्हणून घेतलेल्या काही माद्या आधीच त्यांच्या स्टॉकमधल्या भावांना भेटलेल्या होत्या. आता दोन्ही क्रॉसमध्ये काय होईल?

'ब'मध्ये अशी पांढरी मादी पांढऱ्या भावाचे शुक्राणू घेऊन आलेली आहे. तिच्या मुली XʷXʷ, म्हणजे पांढऱ्या. F1 मध्ये पांढऱ्या माद्या दिसल्या की भाकिताशी विसंगती लगेच नजरेस येते. ती व्हायल टाकून द्या, अकराव्या दिवशीच सुटका झाली.

'अ'मध्ये तसं होत नाही. लाल मादी लाल भावाला भेटलेली होती, तिची मुलं लाल, मुली लाल. खऱ्या क्रॉसमधूनही सगळे लालच येणार होते. F1 बघून काहीही कळत नाही, आणि विद्यार्थी 'भाकीत बरोबर आलं' असं वहीत लिहून पुढे जातो. या मुलींत काही X⁺Xʷ आहेत आणि काही X⁺X⁺. दुसऱ्या प्रकारच्या मुलींना F2 मध्ये पांढरा मुलगा होऊच शकत नाही.

समजा F2 मध्ये ११८ लाल माद्या, ८४ लाल नर आणि ३० पांढरे नर आले. नर एकूण ११४, अपेक्षा ५७ आणि ५७. फरक २७. काय-वर्ग साधारण २५.६, मर्यादा ३.८४. पांढरे खूपच कमी. पण हे पांढऱ्यांच्या अशक्तपणामुळे की गडबडलेल्या माद्यांमुळे?

उत्तर आकड्यांतच आहे. पांढरे नर मेले असते तर नरांची एकूण संख्या माद्यांपेक्षा बरीच कमी भरली असती. मॉर्गन यांच्याकडे तसंच झालं होतं, २४५९ माद्या आणि १७९३ नर. इथे ११८ ला ११४ आहेत. नर पूर्ण आहेत, फक्त पांढऱ्यांच्या जागी लाल आले आहेत. म्हणजे चूक माद्यांची आहे. किती? नरांत पांढरे निम्मे यायला हवे होते, आले २६ टक्के. म्हणजे F2 ची जवळपास निम्मी संतती X⁺X⁺ मुलींकडून आली.

खात्री करायची तर उरलेल्या F1 माद्यांपैकी आठ-दहा घ्या आणि एका व्हायलमध्ये एकच मादी, सोबत दोन लाल भाऊ, असं लावा. ज्या मादीच्या मुलांत साधारण निम्मे पांढरे, ती X⁺Xʷ. जिच्या पंधरा-वीस मुलांत एकही पांढरा नाही, ती X⁺X⁺. नुसत्या चार-पाच मुलांवरून ठरवू नका, X⁺Xʷ मादीलाही ओळीने चार लाल मुलगे सहज होतात.

म्हणून दोन्ही क्रॉससाठी व्हर्जिन एकाच दिवशी, एकाच माणसाने, एकाच पद्धतीने गोळा करावेत. 'ब'ची F1 स्वच्छ आली तर 'अ'च्या माद्याही बहुधा स्वच्छ असतात, कारण हात तोच आणि वेळ तीच. 'ब'मध्ये पांढऱ्या माद्या निघाल्या तर 'अ' कितीही लालबुंद दिसला तरी त्यावर विश्वास ठेवू नका.

## १०. 'ब'च्या F1 मध्ये एखादा लाल नर दिसला तर

गडबडलेल्या पांढऱ्या मादीमुळे पांढऱ्या मुली येतील, पांढरे मुलगे येतील, पण लाल मुलगा येऊ शकत नाही. त्यामुळे लाल नर दिसला तर आधी तो खरंच नर आहे का, हे पायावरच्या फणीने तपासा. मग आईबाप काढल्याची नोंद बघा, पाच-सहा नर सोडले होते आणि एक कमी निघाला असेल तर हा बापच आहे.

दोन्ही ठीक असेल तर हा फार मोलाचा नर आहे, त्याला फेकू नका. क्वचित मादीचे दोन एक्स अंडं तयार होताना एकमेकांपासून सुटत नाहीत. तेव्हा एका अंड्यात दोन एक्स जातात आणि दुसऱ्यात एकही नाही. रिकाम्या अंड्याला बापाचा X⁺ मिळाला तर लाल डोळ्यांचा, वाय नसलेला नर जन्मतो. दोन Xʷ असलेल्या अंड्याला वाय मिळाला तर पांढरी मादी. म्हणून हजारो माश्यांत एखाद-दुसरी पांढरी मादी निघाली तर ती व्हर्जिनच्या चुकीची असेलच असं नाही. पण तीनशेत वीस निघाल्या तर ती चूकच. कॅल्व्हिन ब्रिजेस यांनी १९१६ मध्ये याच अपवादी माश्यांवरून जनुकं गुणसूत्रांवर असतात हे सिद्ध केलं.

त्या लाल नराला दोन-तीन व्हर्जिन पांढऱ्या माद्यांसोबत ताज्या व्हायलमध्ये ठेवा. माशीत नर होण्यासाठी वाय लागत नाही, पण चालते शुक्राणू बनवायला लागतो. त्यामुळे एक्स-शून्य नर वांझ असतो. आठवडाभरात खाद्यात अळ्या दिसल्या तर तो बाहेरून शिरलेला साधा नर. अंडी दिसली पण एकही फुटली नाही, तर मायक्रोस्कोपखाली त्याचा फोटो काढा, तारीख घाला आणि 'ब'च्या F1 च्या पानावर 'अपवाद' असा वेगळा रकाना करून त्याची नोंद करा. काय-वर्गाच्या गणितात त्याला धरू नका.